उकंडरावांचा तोट्याचा गूळ

देऊळघाटच्या उकंडरावांना म्हातारपणी कोणी विचारलं, की तुमचं दुकान कशानं चाललं, तर ते सरळ सांगत, "गूळ तोट्यात इकला म्हून." विचारणाऱ्याला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. कुणी वाणी असं बोलतो होय? पण उकंडराव वाणी नव्हतेच. कुणब्याच्या पोटी जन्मलेला माणूस. तागडी हातात आली ती शेती जमेना म्हणून.

त्यांच्या नावाचीही एक गंमत आहे. थोरले भाऊ पंजाबराव, त्यांच्यानंतरची दोन लेकरं पाळण्यातच गेली. मग हा झाला, तेव्हा सुईणीनं त्याला उकंड्यावर लोळवलं, म्हणजे उकिरड्यावरचं पोर म्हणून मरण नाक मुरडून पुढं जाईल, आणि उकंडा हेच नाव ठेवलं. आईनं भीतीपोटी बारसं केलं नाही. घुगऱ्या नाहीत, गुळाचा खडा नाही, गाण्याची एक ओळ नाही. पोर जगलं. पण आपल्या वेळी घरात गूळ वाटला गेला नाही, हे त्याला आईकडून इतक्यांदा ऐकावं लागलं, की दुसऱ्याच्या घरच्या बारशाचं त्याला उगीचच कौतुक असे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे हुकूम नागपूरहून निघत, ते बुलढाण्याच्या कचेरीत येऊन दमत आणि देऊळघाटापर्यंत पोचता पोचता शिळे होत. गावाला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. गावाचा व्यवहार चाले पाराजवळच्या वामनशेटच्या दुकानावर. दुकान त्याच्या आज्यापासूनचं. वामनशेट लबाड नव्हता. गावात दुसरं दुकानच नव्हतं, त्यामुळं बरं वागण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती, एवढंच. त्याच्या ओट्यावर सकाळपासून पुरुष तंबाखू मळत बसलेले असत. बाई सौदा घ्यायला गेली, की पदर पुढं ओढून दोन शब्द बोले, हवं ते घेई आणि मान खाली घालून परत फिरे. ती भाव करत नसे आणि दुसरी वस्तू हाताळतही नसे.

इकडं उकंडराव शेतात कुचकामी. त्याच्या हातचं औताचं तास नागमोडी जाई. पंजाबराव बांधावरून ओरडत, "अरे तास हाकतं का रांगोळी काढतं बे?" गडीमाणसं तोंड फिरवून हसत. वर्षानुवर्षं रोज सकाळी हे ऐकायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी एका उन्हाळ्यात त्यानं धीर करून भावाला म्हटलं, की समोरची खोली दे, मी किराणा मांडतो.

पंजाबराव म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पाहू. चाललं तं चाललं. नाई तं ते तागडी आडात टाकायची, अन् मुकाट्यानं औतामांगं चालायचं."

उकंडरावानं मान हलवली. त्याला दुकानापेक्षा त्या औताचीच भीती जास्त होती.

खोलीचं दार पाणवठ्याच्या गल्लीवर उघडत होतं. पैनगंगेवरून येणाऱ्याजाणाऱ्या बायका दिवसभर दारावरून जात. त्यानं फळ्या ठोकल्या, डबे मांडले, तागडी चिंचेनं घासून लख्ख केली आणि बसला. बायका घागरी घेऊन गेल्या. घागरी घेऊन आल्या. कोणी दारात थांबेना. भाव तोच, माल तोच, मग जुना रस्ता सोडून नव्या दारात कोण कशाला चढेल? मृग झाला, आर्द्रा झाली, तरी उकंडराव आपल्याच दुकानातल्या माशा हाकत बसलेला. एक दोन पोरं काडीपेटी घेऊन जात, तेवढीच बोहनी.

आषाढात तो माल आणायला बैलगाडीनं राजूरचा घाट उतरून मलकापूरला गेला. तिथं स्टेशनाच्या वाटेवर एका दुकानासमोर ही गर्दी! काय आहे म्हणून पाहिलं, तर घासलेट. आणि घासलेटचा भाव ऐकून उकंडराव चाटच पडला. अडत्याकडं आपण डबा घेतला त्याहून हा किरकोळीत स्वस्त देत होता. त्याला वाटलं, दुकानदाराचं डोकं फिरलंय, नाहीतर माल चोरीचा आहे. गाडी सोडून तो समोरच्या निंबाखाली बसला आणि दुपारभर नुसता पाहत राहिला. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की बाटली घेऊन आलेला माणूस बाटली घेऊन परत जात नाही. बाटली आणि गाठोडं घेऊन परत जातो. घासलेट मापेपर्यंत त्याला घरातलं संपलेलं सगळं आठवतं. आणि जे आठवतं त्याच्यावर दुकानदाराला बक्कळ सुटतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण लोक हसण्यावारी नेतात. उकंडरावाला त्या निंबाखाली तिच्यातला खरा अर्थ समजला: कोंबडी स्वस्त द्यावी, मसाल्यावर कमवावं.

घरी येऊन त्यानं बायकोला, तानुबाईला, चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. तानुबाई कमी बोलणारी, पण बोलली की खुंटा हलवून पक्का करणारी.

"मंग कोनती चीज तोट्यात द्यायची?" तिनं विचारलं.

"मीठ?"

"मीठ एकडाव भरलं का सहा मैने बाई फिरकत नाई. अन् दिवे लागल्यावर तर कोनी मीठ मागतच नाई."

"ज्वारी?"

"आपल्याच गावात पिकते. तुमच्याकडून कायले घेतीन?"

"तेल?"

"तेल तेलीनीच्या घान्याचं. तिची-बायांची जनमाची गाठ हाये." ती भाकरी उलटत म्हणाली, "गूळ द्या. इकडं ऊस नाई, गूळ सगळ्यायले इकत घ्यावा लागते. भाव बारक्या पोरीले बी पाठ. अन् पावसाळ्यात त्याले पानी सुटते. कोनी भरून ठेवू शकत नाई. संपला का परत यावंच लागते."

मलकापूरच्या निंबाखाली दुपार घालवून उकंडरावाला जे अर्धं कळलं होतं, ते हिनं भाकरी उलटता उलटता पुरं केलं.

घरात दोन आणे शेर पडणारा गूळ त्यानं दीड आण्याला लावला. वामनशेटचा भाव सव्वादोन आणे. बातमी पाणवठ्यावर पोचायला एक घागर भरण्याइतकाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दारात बायका. आधी आल्या त्या गुळात माती आहे का पाहायला. वास घेतला, खडा चाखला, एकमेकींकडं पाहिलं. गूळ चांगला होता. खराब गूळ स्वस्त दिला, तर गिऱ्हाईक एकदाच येतं, हे उकंडरावाला न सांगताही कळलं होतं.

आणि गूळ म्हणजे काही मापून ओतायची चीज नव्हे. भेली फोडावी लागते. उकंडराव पाटावर भेली ठेवी, छोट्या कुऱ्हाडीनं घाव घाली, तुकडे गोळा करी, तोली, एखादा खडा कमी पडला तर पुन्हा फोडी. तेवढा वेळ बाई उभी. तेवढ्या वेळात तिची नजर फळीवर फिरे. तानुबाई आतल्या दारात बसून, कोणाची नजर कुठं अडखळते ते पाही. मग रात्री फळ्यांची जागा बदले. खोबऱ्याच्या वाट्या डोळ्यासमोर आल्या. वेलदोडे काचेच्या बरणीत गेले. चहाच्या पुड्या गुळाच्या पाटाला लागूनच ठेवल्या, कारण गुळाचा चहा तेव्हा नुकताच घरोघरी शिरत होता. सुपारी, जिरं, उपासाची भगर. श्रावण तोंडावर आलेला.

शिवाय इथं ओट्यावर पुरुष नव्हते. दारात एक बाई बसलेली. तिच्याशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलता येत. "तानुबाई, हे हळद कशी हाये व?" असं विचारता येई, हळकुंड मोडून पाहता येई. बायकांना दुकानात उभं राहणं म्हणजे काय ते पहिल्यांदाच कळत होतं. गुळावर जो अर्धा आणा जाई, तो खोबऱ्यात आणि चहात भरून निघे, वर चार पैसे राहत. उकंडरावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पंजाबराव मात्र येताजाता म्हणत, "तोट्यात इकते अन् नफ्याच्या गोष्टी सांगते. पाडवा येऊ दे."

श्रावण लागला, आणि गूळ विचित्र वेगानं खपू लागला.

सुरुवात झाली पुष्पाबाईपासून. गल्लीच्या टोकाला राहणारी, तोंडाळ, पण मनानं मोकळी. तिनं शेर नाही, अख्खी भेलीच मागितली. उकंडराव जरा चाचरला. त्यानं मनाशी घरटी शेरभराची मर्यादा ठरवली होती. जास्त देणं परवडणारं नव्हतं.

"भेली कायले लागते वहिनी?"

"बारसं हाये नं घरी."

झालं. बारशाच्या गुळाला नाही म्हणू नये, हा गावचा रिवाज. शुभकार्याचा गूळ मागायला आलेल्याला कोणी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, आणि कोणाचं, कसलं हेही खोदून विचारत नाही. विचारणं म्हणजे दृष्ट लावणं. आणि उकंडरावाला तर बारसं हा शब्द ऐकला की पाझर फुटे. त्यानं भेली दिली, आणि तिच्यावर एक वेलदोडा ठेवला.

चारच दिवसांत दुसऱ्या घरी बारसं निघालं. मग तिसऱ्या. मग ज्या घरात साठीची म्हातारा-म्हातारी दोघंच राहत, त्या घरीही बारसं निघालं. उकंडरावानं तिथंही भेली दिली. नातवंड असेल कोणाचं तरी, असं त्यानं मनाला सांगितलं. इतका भाबडा माणूस दुकानदारीत पडू नये, पण पडला होता खरा.

दुकान मात्र बसू लागलं. भेली नेणारी बाई भेलीच नेते. कुऱ्हाड चालत नाही, उभं राहावं लागत नाही, फळीकडं डोळा जात नाही. गुळावरचा तोटा तेवढा पदरात पडतो. आणि सकाळीच भेल्या संपल्या, की दुपारी रोजच्या बायका येऊन रिकामा पाट पाहतात. "गूळ नाई? मंग हाका कायले मारता?" असं म्हणून फणकाऱ्यानं निघून जातात, जाता जाता घ्यायचं खोबरंही घेत नाहीत. उकंडराव पुन्हा गाडी जुंपून घाट उतरला, पावसात चिंब होऊन दुप्पट गूळ घेऊन आला. तोही गेला. जितका गूळ जास्त, तितका खड्डा मोठा.

पंजाबरावांनी एका संध्याकाळी दारात उभं राहून सरळ सांगितलं, "पाडव्याची वाट पाह्यची गरज नाई आता. पोळ्यानंतर रब्बीची वखरनी हाये. तू चाल."

भाऊ गेल्यावर उकंडराव पाटाजवळ तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यापुढं ती नागमोडी तासं दिसत होती. त्याला रडू येत होतं, आणि पुरुषानं कुठं रडायचं हेही त्याला कळत नव्हतं.

तानुबाई म्हणाली, "गावात बाळंतीन एकच हाये. मी साऱ्या गल्ल्या हिंडते, मले ठाऊक. मंग हे इतके बारसे कोनाचे होऊन राह्यले?"

"तुले ठाऊक होतं तं बोलली काऊन नाई?"

"तुमी वेलदोडा ठेवत होते नं वर. तुमचं तोंड पाहून माह्यानं बोलवलं नाई."

तो ओशाळला. मग म्हणाला, "पन नाई कसं म्हनू? शुभाच्या गुळाले नाई म्हनलं, अन् खरंच एखादं बारसं असलं तं?"

"नका म्हनू. गूळ देनाऱ्यानं बारशाले जायचं असते, हा बी रिवाजच हाये नं? मी जाते."

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातलं छिटाचं कापड काढलं आणि झबली-टोपरी शिवली. हळदकुंकवाचा करंडा घेतला, ओटीला तांदूळ घेतले आणि सरळ पुष्पाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाळाले पाहाले आली वहिनी. झबलं आनलं."

पुष्पाबाईची अशी गाळण कधी उडाली नव्हती. एकदा तिनं गोठ्याकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं. "अवं... कालवड झाली नं आमच्या कपिलीले," ती म्हणाली, "तिचंच बारसं." आणि स्वतःच खो खो हसत सुटली. तानुबाईही हसली. पण तिनं कालवडीला कुंकू लावलं, झबलं तिच्या गळ्यात बांधलं, आणि जायच्या बेतात शांतपणे विचारलं, "भेली कालवडीनं खाल्ली का व?"

मग पुष्पाबाईनं सांगितलं. भेली गेली वामनशेटच्या मागच्या दारानं. त्यालाही गूळ मलकापूरहून आणायचा म्हणजे घाट आणि गाडीभाडं. उकंडराव खरेदीच्या भावाहून खाली विकतोय, मग त्याच्याकडूनच घेतलेला काय वाईट? भेली आणून देणाऱ्या बाईला वामनशेट शेरामागं एक पैसा वर देई, आणि तोच गूळ पाराजवळ सव्वादोन आण्यानं विकी. उकंडरावाच्याच तोट्यावर त्याचं दुकान चालू होतं. बारशाची युक्ती कोणाची, ते पुष्पाबाईला माहीत नव्हतं. पाणवठ्यावर एकीनं दुसरीला सांगितली, एवढं खरं.

तानुबाई दोन घरं अशीच हिंडली. सगळीकडं आधी गडबड, मग हसू. तिलाही आता मजा वाटू लागली होती. त्याच भरात ती सत्यभामाबाईच्या घरी गेली. तिनंही बारशाच्या नावानं भेली नेली होती.

दार सुनेनं उघडलं. शकुंतला तिचं नाव. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, कूस उजवलेली नाही. तानुबाईच्या हातात झबलं होतं, आणि तोंडातून शब्द निघून गेले होते, "बारशाले आली व."

शकुंतला दारातच थांबली. "कोनाच्या?" तिनं विचारलं. तिला खरंच काही माहीत नव्हतं. सासू मागून आली, तिनं झबलं पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एका भेलीमागच्या चार पैशांसाठी आपण कुठल्या घरातून, कोणाच्या जिवावर, कसलं खोटं बोलून आलो, ते त्या बाईला त्या क्षणी कळलं.

शकुंतलेनं झबलं हातात घेतलं. त्याची शिवण पाहिली. "टाके बारीक घातले तुमी," ती म्हणाली. बस, एवढंच. रडली नाही की रागावली नाही. तानुबाईला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आपण दुकान वाचवायला निघालो आणि घाव भलतीकडं घातला, हे तिला कळून चुकलं होतं. तिनं शकुंतलेची ओटी भरली, तिच्या हातावर हात ठेवला, आणि घरी आली. पुढं शकुंतलेला मूल झालं असं सांगता आलं असतं तर गोड वाटलं असतं. झालं नाही. तिनं दिराचा धाकटा मांडीवर घेतला, तो तिचाच म्हणून वाढला.

पण त्या दिवसानंतर देऊळघाटात कोणत्याही बाईनं गुळासाठी बारशाचं नाव घेतलं नाही. सत्यभामाबाईच्या दारात काय झालं, ते सगळ्या गावाला संध्याकाळपर्यंत कळलं होतं, आणि ज्यांनी भेल्या नेल्या होत्या त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

उकंडरावानं मग वागण्याची रीत बदलली. अख्खी भेली कोणालाच नाही. रोज सकाळी लागेल तेवढाच गूळ फोडायचा, घरटी शेरभर, आणि ज्या घरची चूल त्या घरच्या बाईनं स्वतः यायचं. फोडलेल्या गुळाला दमट हवेत पाणी सुटतं, मुंगळे लागतात. तो नेऊन परत विकणं वामनशेटला जमण्यातलं नव्हतं. आणि खरंच कोणाकडं बारसं असलं, तर भेली फुकट, मात्र तानुबाई बारशाला येणार. गावातल्या त्या एकुलत्या बाळंतिणीच्या घरी पहिली फुकट भेली गेली. उकंडराव स्वतः डोक्यावर घेऊन गेला.

तोटा आवाक्यात आला, दुपारी पाट रिकामा राहीना. पोळा आला, पुरणाच्या दिवसांत फळ्यांवरचा माल दोनदा भरावा लागला. पंजाबरावांनी वखरणीचं नाव पुन्हा काढलं नाही. पाडव्याचं मात्र विसरले नव्हते.

दिवाळीला आठवडा राहिला, आणि वामनशेटनं डाव टाकला. मागच्या दारानं गूळ येणं बंद झालेलं, बायका तुटलेल्या. त्यानं पाराजवळ दवंडी दिल्यासारखं सांगून टाकलं, की गूळ सव्वा आणा शेर.

उकंडरावाचं धाबं दणाणलं. सव्वा आणा! त्यानं एक आणा लावला तर वामनशेट तीन पैसे लावील. आज्यापासूनची गंगाजळी असलेल्या माणसाशी तोट्याची शर्यत कोण लावणार? हरणार तो कुणबीच. रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी त्यानं तानुबाईला सांगितलं, "मी गुळाचा भाव वर नेतो. दोन आने. पडते तोच. आता जे व्हायचं ते होऊ दे."

"गुळासाठी येत होत्या तं जातीन," तानुबाई म्हणाली. "पाहू तं खरं, कायच्यासाठी येत होत्या."

पाडवा चार-पाच दिवसांवर आला, तेव्हा पंजाबराव सकाळीच येऊन दारातल्या पोत्यावर बसले. त्यांना निकाल डोळ्यानं पाहायचा होता. पाटावर गूळ तसाच. समोरच्या गल्लीतून बायका जाऊ लागल्या, सगळ्या पाराच्या दिशेनं. एक गेली. दुसरी गेली. पुष्पाबाईही गेली, तिनं तर या दाराकडं पाहिलंही नाही. उकंडराव तागडी पुशीत राहिला. एकच पारडं पुसतोय हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

पंजाबराव खाकरले. "उकंडा," ते म्हणाले, आणि आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, "मनाले लावून घेऊ नको. करून पाह्यलं नं?"

तेवढ्यात गल्लीत बांगड्या वाजल्या. शकुंतला दारात आली. तिच्या पदरात काहीतरी बांधलेलं होतं, वजनानं लोंबत होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. मागं पुष्पाबाई, तिच्याही पदरात तेच. आणि त्यांच्या मागं पाराकडून येणाऱ्या आणखी बायका.

"खोबरं द्या," शकुंतला म्हणाली. "वेलदोडे द्या. चहाची पुडी द्या. करंजीले चारोळी हाये का व, तानुबाई?"

उकंडरावानं पदराकडं बोट केलं. "अन् गूळ?"

"गूळ नं वामनशेटकडून घेतला," पुष्पाबाई मागून म्हणाली. "सव्वा आना शेर देऊन राह्यला. सोडता काऊन? पन बाकीचं त्यानं महाग केलं, खोबऱ्याले हात लागत नाई. अन् तिथं उभं कोन राह्यते त्या मान्सायच्या घोळक्यात? आमी गूळ घेतला अन् इकडं आलो."

उकंडरावाच्या पोटातून असं हसू फुटलं, की हातातली तागडी खुळखुळू लागली. तोटा वामनशेटचा, गिऱ्हाईक आपलं! मलकापूरचा तो घासलेटवालासुद्धा इतक्या स्वस्तात सुटला नसेल.

दुपारपर्यंत त्याला मान वर करायला सवड मिळाली नाही. तानुबाई आतून बाहेर येऊन पुड्या बांधू लागली. पंजाबराव पोत्यावरून उठले, बायकांना जागा दिली, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. गर्दी जरा ओसरल्यावर ते पुढं आले. बराच वेळ फळीवरच्या बरण्यांकडं पाहिलं.

"तुह्या वहिनीनं सामान सांगतलं दिवाळीचं," ते म्हणाले. "खोबरं दे, सुपारी दे. अन् अनारशाले गूळ लागते चार शेर."

उकंडरावानं खोबरं तोललं, सुपारी बांधली, आणि भावापुढं ठेवली.

"गूळ पाराजवळून घेऊन ये, दादा," तो म्हणाला. "तिथं स्वस्त हाये."